करंट रेशो १.३४ आला, म्हणून नवीन मशीन घ्यायचं का? एका ताळेबंदाचं वाचन

या व्हिडिओत आपण ताळेबंदातून तरलता आणि कर्जभार कसा वाचायचा ते पाहिलं. व्हिडिओत आकडे पटापट पुढे सरकतात, म्हणून तेच उदाहरण इथे सावकाश लिहून देतोय. कागद, पेन आणि मोबाइलमधलं कॅलक्युलेटर जवळ ठेवा. यातलं गणित बेरीज, वजाबाकी आणि भागाकाराच्या पुढे जात नाही.

आपल्या वर्गात दोन प्रकारची मंडळी असतात. काही जण बी.कॉम. झालेले आहेत. त्यांना 'करंट रेशो २ : १ असावा' हे पाठ असतं, पण खरा ताळेबंद हातात दिला की कुठला आकडा कुठे धरायचा ते कळत नाही. दुसरे सातपूर-अंबडला स्वतःचा गाळा चालवणारे. त्यांच्याकडे ताळेबंद असतो, पण तो कर सल्लागाराने रिटर्नसाठी बनवलेला आणि फाइलला लावून ठेवलेला. त्यातून काही विचारायचं असतं हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आजचा धडा दोघांसाठी आहे.

आपला नमुना ताळेबंद

हा ताळेबंद मी शिकवण्यासाठी तयार केलाय. तो कुठल्या एका युनिटचा नाही, पण अंबड एमआयडीसीत असे बरेच सापडतील. एका मालकाचं प्रेस पार्ट्सचं काम आहे. मोठ्या वाहन कंपन्यांना माल देणारे जे व्हेंडर असतात, त्यांना हा पार्ट्स पुरवतो. गाळा भाड्याचा आहे. वर्षाची विक्री १८० लाख, खरेदी १०८ लाख, सगळा खर्च आणि व्याज जाऊन नफा ७ लाख.

मालकाचा प्रश्न साधा आहे: "सर, १२ लाखांची नवीन पॉवर प्रेस घ्यायचीय. बँक ९ लाख देईल, ३ लाख मी घालायचे. ते ३ लाख सीसीतून काढतो. घेऊ ना?" सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलासाठी बँकेने दिलेली मर्यादा.

३१ मार्चचा ताळेबंद असा आहे. आकडे लाख रुपयांत.

| देणी बाजू | रक्कम | मालमत्ता बाजू | रक्कम |
|---|---|---|---|
| मालकाचं भांडवल | ३० | मशिनरी व इतर (घसारा वजा जाता) | ४२ |
| मशीनसाठीचं मुदत कर्ज | २४ | गाळ्याचं डिपॉझिट | ३ |
| नातेवाईकांकडून बिनतारण कर्ज | १० | मालाचा साठा | ३२ |
| कॅश क्रेडिट | ३० | ग्राहकांकडून येणी | ४० |
| माल पुरवठादारांची देणी | २२ | रोख व बँकेतील शिल्लक | २ |
| देणे खर्च व कर | ४ | पुरवठादारांना दिलेला अ‍ॅडव्हान्स | १ |
| एकूण | १२० | एकूण | १२० |

पहिलं वाचन: जसं छापलंय तसं

तरलतेचा प्रश्न एकच असतो. येत्या वर्षभरात जे द्यायचंय, ते येत्या वर्षभरात जे हातात येणार आहे त्यातून भागेल का? वर्षभरात रोख होणारी ती चालू मालमत्ता, आणि वर्षभरात फेडायची ती चालू देणी.

चालू मालमत्ता: साठा ३२, येणी ४०, रोख २, अ‍ॅडव्हान्स १. एकूण ७५.
चालू देणी: कॅश क्रेडिट ३०, पुरवठादार २२, देणे खर्च ४. एकूण ५६.

करंट रेशो, म्हणजे चालू गुणोत्तर = ७५ ÷ ५६ = १.३४.

आता पुस्तक म्हणतं २ हवा, आणि बँकेतले साहेब म्हणतात १.३३ चालेल. मग १.३४ पास की नापास? त्यासाठी १.३३ आला कुठून ते बघू. रिझर्व्ह बँकेने १९७४ साली प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि १९७५ मध्ये तिचा अहवाल आला. बँकांनी खेळत्या भांडवलासाठी किती कर्ज द्यावं, याच्या ज्या पद्धती त्यात सांगितल्या, त्यातली दुसरी अशी: चालू मालमत्ता १०० रुपयांची असेल, तर त्यातले किमान २५ रुपये दीर्घ मुदतीच्या पैशातून आलेले असावेत. उरलेले ७५ पुरवठादार आणि बँक मिळून देतील. १०० भागिले ७५ म्हणजे १.३३. बस, एवढंच. छोट्या उद्योगांसाठी पुढे नायक समितीची उलाढालीवर आधारलेली पद्धत आली. तीत वार्षिक विक्रीच्या २५ टक्के रक्कम ही खेळत्या भांडवलाची गरज धरतात, त्यातले २० टक्के बँक देते आणि ५ टक्के मालक घालतो. २५ भागिले २० केलं तर १.२५ येतो. म्हणून छोट्या मर्यादेच्या फाइलला काही ठिकाणी १.२५ सुद्धा चालतो.

म्हणजे १.३३ हा काही तब्येतीचा दाखला नाही. तुमचा स्वतःचा किंवा लांब मुदतीचा पैसा खेळत्या भांडवलात किती आहे, याची ती किमान अट आहे. हे डोक्यात ठेवा, शेवटी याच ठिकाणी परत यायचंय.

दुसरा आकडा क्विक रेशोचा. साठा विकायला वेळ लागतो, आणि अ‍ॅडव्हान्सचा माल येतो, पैसा येत नाही. म्हणून दोन्ही वगळायचे. राहिले येणी ४० आणि रोख २. ४२ ÷ ५६ = ०.७५. पुस्तकात १ सांगतात. उत्पादन करणाऱ्या छोट्या युनिटचा तो १ च्या खाली असणं नवीन नाही. पण १.३४ आणि ०.७५ यांच्यातलं अंतर सांगतं की हा माणूस साठ्यावर बराच टेकून उभा आहे. म्हणजे साठा खरा आहे का, हे बघावं लागणार.

आता कर्जभार. इथला प्रश्न वेगळा आहे: धंद्यात पैसा कुणाचा जास्त, माझा की दुसऱ्याचा? दीर्घ मुदतीचं कर्ज २४ अधिक १०, म्हणजे ३४. भागिले भांडवल ३०. डेट-इक्विटी रेशो १.१३. बँकवाले याच्याही पुढे जातात आणि सगळी बाहेरची देणी धरतात: २४ + १० + ३० + २२ + ४ = ९०. भागिले ३० म्हणजे ३. मालकाच्या एका रुपयावर बाहेरचे तीन रुपये उभे आहेत. बऱ्याच बँका साधारण ३ च्या आसपास रेष ओढतात, आणि आपला माणूस बरोबर रेषेवर आहे.

पहिल्या वाचनाचा निकाल: काठावर पास. मालक म्हणतो, "मग घेऊन टाकू." थांबा.

दुसरं वाचन: आकड्याच्या आत काय आहे?

ताळेबंदावर 'येणी ४०' लिहिलंय. कुणाकडून, कधीपासून, हे लिहिलेलं नाही. मुदत कर्ज २४, पण हप्ता किती, हेही नाही. म्हणून ताळेबंदाबरोबर तीन कागद मागवायचे: कर्जाचं हप्त्यांचं वेळापत्रक, येण्यांची वयवार यादी आणि साठ्याची यादी. दोन्ही याद्या टॅलीमध्ये निघतात, वेळापत्रक बँकेकडून मिळतं, फक्त मागायला हवेत.

पहिला कागद, हप्त्यांचं वेळापत्रक. २४ लाखांपैकी ८ लाख येत्या बारा महिन्यांत फेडायचे आहेत. कर्ज लांब मुदतीचं असलं तरी हे ८ लाख तर याच वर्षात द्यायचेत ना? मग ते चालू देण्यांत आले पाहिजेत. कंपन्यांच्या ताळेबंदात हा भाग वेगळा दाखवावाच लागतो. एकट्या मालकाच्या ताळेबंदात मात्र बहुतेक वेळा सगळं कर्ज एका ओळीत असतं, आणि घोळ तिथे होतो. चालू देणी ५६ ची ६४ झाली. ७५ ÷ ६४ = १.१७.

दुसरा कागद, येण्यांची यादी. ४० पैकी ९ लाख एकाच पार्टीकडे सहा महिन्यांच्या वर अडकलेत. माल रिजेक्ट झाला की नाही यावर वाद चालू आहे. हे पैसे बुडालेच असं नाही, पण यावर्षीचे हप्ते त्यांच्या भरवशावर ठेवता येणार नाहीत. बँकसुद्धा ड्रॉइंग पॉवर काढताना ठरावीक दिवसांवरची, बहुतेक ठिकाणी ९० दिवसांवरची, येणी धरत नाही. आपण ९ बाजूला काढू. चालू मालमत्ता ६६.

तिसरा कागद, साठ्याची यादी. ३२ लाखांच्या साठ्यात ५ लाखांचे पार्ट्स अशा मॉडेलचे आहेत, जे कंपनीने बंद केलंय. ते दुसऱ्या कुणाच्या कामाचे नाहीत. भंगारात घातले तर १ लाख येईल. म्हणजे ४ लाख वजा. चालू मालमत्ता ६२.

आता परत भागाकार करा: ६२ ÷ ६४ = ०.९७.
क्विक रेशो: येणी ३१ अधिक रोख २, म्हणजे ३३ ÷ ६४ = ०.५२.

ताळेबंद तोच, तारीख तीच, खोटं कुणी लिहिलेलं नाही. तरी १.३४ चा ०.९७ झाला. वर्षभरात ६४ लाख द्यायचेत आणि रोख होणारं सगळं जमेस धरलं तरी ६२ च भरतं. म्हणून गुणोत्तर काढण्याआधी त्यात काय घातलंय ते बघायचं.

कर्जभाराचंही दुसरं वाचन करू. ते ९ लाख खरंच बुडाले आणि साठ्यात ४ लाखांचं नुकसान झालं, तर ते १३ लाख कुणाचे जाणार? बँकेचं कर्ज कमी होत नाही, पुरवठादार सूट देत नाही. जाणार मालकाच्या भांडवलातून. ३० चे १७ राहतील. बाहेरची देणी तीच ९०. आता ९० ÷ १७ = ५.३. हे सगळ्यात वाईट परिस्थितीचं चित्र आहे, रोजचं नाही. पण जास्त कर्जभाराचा अर्थच हा आहे: नुकसान धंद्याच्या एका कोपऱ्यात होतं आणि मालकाच्या पातळ थरावर येऊन बसतं.

या बाजूला एक दिलासाही आहे. नातेवाईकांचे १० लाख. बँकेचं कर्ज फिटेपर्यंत आम्ही हे पैसे मागणार नाही, असं त्यांनी बँकेला लिहून दिलं, तर बऱ्याच बँका ती रक्कम मालकाच्या पैशासारखी धरतात. मग बाहेरची देणी ८०, स्वतःचे ४०, आणि छापील आकड्यांवर गुणोत्तर ३ वरून २ वर येतं. वाईट चित्रातही ८० ÷ २७ म्हणजे २.९६. पण हे पत्र खरं असायला हवं. भाचीच्या लग्नाला मामा पैसे परत मागणार असतील, तर कागदावर २ लिहून उपयोग नाही.

दोन्ही गुणोत्तरं एकाच ठिकाणी भेटतात

आता आजच्या धड्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तरलता आणि कर्जभार पुस्तकात दोन वेगळ्या प्रकरणांत येतात, म्हणून ते वेगळे आजार वाटतात. आपला ताळेबंद वरच्या बाजूने वाचून बघा.

लांब मुदतीचा पैसा: भांडवल ३०, मुदत कर्ज २४, नातेवाईक १०. एकूण ६४.
लांब मुदतीत अडकलेली मालमत्ता: मशिनरी ४२, डिपॉझिट ३. एकूण ४५.
उरले १९.

आणि खालून: चालू मालमत्ता ७५ वजा चालू देणी ५६ = १९. तोच आकडा. याला निव्वळ खेळतं भांडवल म्हणतात. टंडन समिती ज्या २५ टक्क्यांबद्दल बोलत होती, तो हाच पैसा. ७५ चे २५ टक्के १८.७५ होतात, म्हणून आपला १९ वाला माणूस १.३३ च्या जरासा वर दिसत होता.

आता दुरुस्त्या करून पुन्हा. लांब मुदतीच्या पैशातून यावर्षीचे ८ वजा, राहिले ५६. अडकलेल्या मालमत्तेत वादातली येणी ९ आणि मेलेल्या साठ्याचे ४ मिळवा: ४५ अधिक १३, म्हणजे ५८. ५६ वजा ५८ म्हणजे उणे २. खालून: ६२ वजा ६४, तेही उणे २.

उणे २ चा अर्थ असा: वर्षभरात परत करायचे २ लाख रुपये अशा ठिकाणी अडकलेत, जिथून ते वर्षभरात परत येणार नाहीत. मशीन नफा देत असेल, ऑर्डर भरपूर असतील, तरी दर महिन्याच्या सात तारखेला पगारासाठी ओढाताण होते, ती याच्यामुळे. "धंदा चांगला चाललाय, पण पैसा दिसत नाही" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ताळेबंदात ते असं दिसतं.

हे झालं कसं? भांडवल खातं उघडा

मालकाच्या भांडवल खात्यात तीन ओळी आहेत: सुरुवातीची शिल्लक २९, अधिक नफा ७, वजा घरखर्चाची उचल ६. शेवटची शिल्लक ३०.

आता कर्ज फेडायची ताकद मोजू. नफा ७. त्यात घसारा ५ परत मिळवायचा, कारण घसाऱ्याचे पैसे कुणाला द्यावे लागत नाहीत. मुदत कर्जाचं व्याज २.५ हेही परत मिळवायचं, कारण ते आपण फेडीच्या बाजूला मोजणार आहोत. एकूण १४.५. फेड: हप्ते ८ अधिक व्याज २.५, म्हणजे १०.५. भागाकार १.३८. बँका साधारण १.२५ ते १.५ च्या वर मागतात, म्हणजे ठीक दिसतंय.

पण मालक जेवतो काय? उचल ६ लाख आधी वजा करा. १४.५ वजा ६ म्हणजे ८.५. ८.५ ÷ १०.५ = ०.८१. दर वर्षी २ लाख कमी पडतात. मग हप्ता थकला का? नाही. सीसीतून भरला गेला. सीसीची मर्यादा आहे माल घ्यायला, आणि त्यातून मशीनचं कर्ज फिटतंय. लांब मुदतीचं देणं हळूहळू आखूड मुदतीचं होतंय. बाहेरच्या देण्यांची बेरीज फारशी हलत नाही, म्हणून कर्जभाराच्या आकड्यात ते लगेच दिसत नाही. दिसतं ते करंट रेशोमध्ये, दरवर्षी थोडं थोडं.

ओळखायची खूण: सीसी खातं वर्षभर मर्यादेला टेकलेलं असतं, विक्रीचा पैसा जमा झाला की त्याच दिवशी निघून जातो, आणि विक्री वाढली नाही तरी मर्यादा वाढवून मागावी लागते.

आता १२ लाखांची प्रेस

मालकाची योजना: ९ लाखांचं नवीन कर्ज पाच वर्षांसाठी, ३ लाख सीसीतून. पहिल्या वर्षीचा हप्ता १.८ लाख धरू.

चालू देणी: ६४ + ३ + १.८ = ६८.८. चालू मालमत्ता ६२ च. ६२ ÷ ६८.८ = ०.९०.
बाहेरची देणी ९० + १२ = १०२. छापील भांडवलावर ३.४.

उत्तर: आत्ता नाही. मशीन वाईट आहे म्हणून नाही. तिच्यासाठी लागणारे ३ लाख लांब मुदतीचे नाहीत म्हणून.

मग आधी काय करायचं? क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं, ते अडकलेले ९ लाख. हा वाद जेवढा जुना होतो तेवढी रक्कम कमी होत जाते. रिजेक्शनचे कागद काढा, जेवढं मान्य आहे तेवढ्याची क्रेडिट नोट द्या आणि बाकीचे वसूल करा. तुमची उद्यम नोंदणी माल देण्याआधीपासून असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. समजा ९ पैकी ६ आले आणि ते सीसीत भरले. चालू देणी ५८. ६२ ÷ ५८ = १.०७. एका वसुलीने आपण १ च्या वर आलो, नवीन एक रुपयाही कर्ज न घेता.

दुसरं, नातेवाईकांचं पत्र. त्याने तरलता सुधारत नाही, हे लक्षात घ्या. पण कर्जभार ३ वरून २ कडे येतो आणि मुदत कर्जाचे हप्ते लांबवून मागताना बँकेशी बोलायला जागा मिळते. ८ चा हप्ता ६ झाला, तर उचल धरूनही वर्षाचं भागतं.

तिसरं, मेलेला साठा विकून टाका. १ लाखच येईल, पण दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तो ५ लाख म्हणून दाखवणं बंद होईल. बँकेच्या तपासणीत हे निघालं तर ड्रॉइंग पॉवर अचानक कमी होते, आणि तेव्हा तयारी नसते.

एक गोष्ट करू नका: पुरवठादारांना आणखी थांबवणं. आपल्याकडे देणी २२, खरेदी १०८, म्हणजे सरासरी ७४ दिवसांची उधारी आधीच आहे. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल आणि तुम्ही त्याला कायद्यातल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत, पैसे दिले नाहीत, तर २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. वरच्या ओळीत ज्या कायद्याने तुमचे पैसे वसूल होतात, तोच कायदा तुमच्या पुरवठादारालाही लागू आहे. (दिवस काढताना एक काळजी घ्या: येणी-देणी जीएसटीसह असतात. त्यांना भागायची विक्री-खरेदीही जीएसटीसहच धरा. आपल्या उदाहरणात तशीच धरली आहे.)

हा आकडा कुठे फसवतो?

करंट रेशो हा ३१ मार्चचा फोटो आहे. फोटो काढायच्या आधी केस विंचरता येतात. आपल्याच छापील ताळेबंदात समजा ३० मार्चला ग्राहकांकडून १० लाख आणले आणि सीसीत भरले. ६५ ÷ ४६ = १.४१. धंद्यात काही बदललं नाही, आकडा वाढला. गंमत अशी की गुणोत्तर १ च्या खाली असेल तर हीच युक्ती उलटी पडते: ५२ ÷ ५४ = ०.९६. म्हणून एका दिवसाचा आकडा बघू नका, दर तिमाहीचा काढा.

काही धंद्यांत तर ३१ मार्च ही तारीखच वेगळी असते. आपल्या दिंडोरी-निफाडकडचा द्राक्ष निर्यातदार घ्या. त्याचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. ३१ मार्चला त्याची येणी आणि देणी दोन्ही फुगलेली असतात. त्याचा मार्चचा ताळेबंद सप्टेंबरच्या शेजारी ठेवल्याशिवाय काही बोलू नये. आणि त्याची तुलना अंबडच्या प्रेस शॉपशी तर करूच नये.

जास्त आकडा म्हणजे चांगला, हेही खरं नाही. करंट रेशो ३ असेल तर कदाचित माल पडून असेल, नाहीतर उधारी वसूल होत नसेल. आपल्या माणसाने आणखी ५ लाखांचे न विकले जाणारे पार्ट्स स्वतःच्या पैशाने बनवून ठेवले असते, तर त्याचा रेशो सुधारलेला दिसला असता.

गृहपाठ

तुमचा गेल्या दोन वर्षांचा ताळेबंद घ्या. आधी छापील आकड्यांवर करंट रेशो काढा. मग तीन दुरुस्त्या करा: पुढच्या बारा महिन्यांचे हप्ते चालू देण्यांत, जुनी येणी बाहेर, न विकला जाणारा साठा बाहेर. पुन्हा काढा. त्यानंतर वरून आणि खालून निव्वळ खेळतं भांडवल काढून बघा. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. जुळले नाहीत तर एखादी रक्कम दोन ठिकाणी धरली गेलीय किंवा सुटलीय.

कंपन्यांना २०२१-२२ पासून ताळेबंदाबरोबर ही गुणोत्तरं द्यावी लागतात, आणि एखादं गुणोत्तर गेल्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदललं तर कारण लिहावं लागतं. आपल्याला कायद्याने सक्ती नाही, पण सवय उचलण्यासारखी आहे. तुमचा छापील आणि दुरुस्त आकडा यांत जे अंतर येईल, त्याचं कारण एका वाक्यात लिहून काढा. त्या वाक्यात बहुतेक एका ग्राहकाचं नाव असेल. सोमवारी सकाळी पहिला फोन त्यालाच करा.